वेणी कापली, फोटो काढला. खाली काय लिहायचं?

गेल्या काही वर्षांत आपल्या सातारा-सांगलीच्या वस्त्यांतल्या मुली कॅन्सरच्या रुग्णांसाठी केस द्यायला लागल्या आहेत. आधी कमरेपर्यंतची वेणी, मग कात्री, मग मानेपर्यंतचे केस आणि हातात धरलेला शेपटा, असे तीन फोटो स्टेटसला येतात. कॅप्शनपाशी मात्र बहुतेकजणी अडतात. काहीजणी हात जोडलेली चार चित्रं टाकून मोकळ्या होतात. काहीजणी इतकं गंभीर लिहितात की घरात मयत झाली की काय असं वाटावं. आणि बऱ्याचदा त्या दोन ओळींत आजाराविषयी काहीतरी चुकीचं लिहिलेलं असतं.

आरोग्याच्या पानावर कॅप्शनचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या वस्तीत आरोग्याचं पुस्तक वाचणारे किती आणि स्टेटस बघणारे किती, हे मोजा. छातीतली गाठ पदराआड लपवून बसलेली एखादी मावशी आरोग्य शिबिराला येणार नाही, पण भाचीच्या केसांचा फोटो ती दोनदा बघेल. त्याखाली खरं लिहिलेलं असेल तर तिच्या कामाला येईल, आणि खोटं लिहिलेलं असेल तर तिचं भय वाढेल. केमोच्या वॉर्डात काम करताना मी अशा बाया पाहिल्या आहेत. जीव जाईल म्हणून त्या फारशा घाबरलेल्या नव्हत्या. केस जातील म्हणून सलाईन नको म्हणत होत्या.

तेव्हा आधी कारण समजून घेऊ, कारण कॅप्शनचा खरा भाग तोच आहे.

केस कॅन्सरमुळे जात नाहीत, औषधामुळे जातात. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही रात्रंदिवस वाढत असतात. औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही. साधारण पहिल्या सलाईननंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर, कंगव्यात, न्हाणीत केसांचे झुपके दिसू लागतात आणि थोड्याच दिवसांत डोकं मोकळं होतं. भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात. पण हे सगळ्याच औषधांनी होत नाही. ज्याला पेशंट ‘लाल सलाईन’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन, किंवा पॅक्लिटॅक्सेल, यांनी बहुधा सगळे केस जातात. काही औषधांनी ते फक्त विरळ होतात, काहींनी जवळजवळ जातच नाहीत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘माझ्या औषधानं केस जातील का?’ हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

आणि केस परत येतात. केमो संपल्यावर काही आठवड्यांत लव दिसू लागते, पुढच्या काही महिन्यांत डोकं भरतं. पहिल्यांदा येणारे केस कधी कुरळे, कधी रंगाने वेगळे असतात. सरळ केसांच्या बाईला उपचारानंतर कुरळे केस आले की बायका तिला हटकून विचारतात, कुठल्या पार्लरला गेली होतीस म्हणून. ‘केस परत येतात’ हे तीन शब्द कॅप्शनमध्ये असलेच पाहिजेत असं माझं मत आहे. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

मग मधल्या काळासाठी टोप लागतो, म्हणजे विग. तो कशासाठी, हे नीट समजलं तर कॅप्शनचा सूरही नीट लागेल. सुंदर दिसण्यासाठी, असं आपण समजतो. वॉर्डात मला वेगळं दिसलं. मिरजेच्या सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालयात किंवा कराडच्या कृष्णा रुग्णालयात आपल्या भागातल्या बाया उपचाराला जातात. आज सलाईन घेतात आणि चार-आठ दिवसांत पुन्हा घरकामाला, शेतात, शाळेत खिचडी शिजवायला उभ्या राहतात, कारण घर चालायचं असतं. रिकामं डोकं दिसलं की नळावर प्रश्न सुरू होतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मालकीण म्हणते, ‘तू बरी झालीस की ये.’ कॅन्सर कुणाला शिवून किंवा ताट-वाटीतून होत नाही, तरी काम सुटतं. लेकीचं लग्न ठरत असेल तर आणखी कुजबुज. डोक्यावर टोप असला की आजाराची गोष्ट कुणाला सांगायची, कधी सांगायची आणि कुणाला अजिबात सांगायची नाही, हे तिचं तिला ठरवता येतं. केस देणारी मुलगी तिला हेच देत असते.

ज्या बाईला टोप नको, तिला तो नकोच. सांगलीच्या उन्हात, एप्रिल-मे महिन्यात टोप घालून बघा, आत खाज सुटते आणि घामाच्या धारा लागतात. कित्येकजणी चार दिवस घालतात आणि नंतर सुती रुमाल किंवा पदरावर भागवतात. कुणी उघड्या डोक्याने बाजाराला जाते. तीही कुठे कमी पडत नाही. म्हणून ‘केसांशिवाय स्त्री अपुरी’ या धाटणीचं वाक्य कॅप्शनमध्ये नको. केस देताना आपण ज्या बाईचा विचार केला, तिलाच ते वाक्य टोचतं.

आता एक प्रसंग सांगते. सांगलीतल्या एका वस्तीतली बारावी झालेली मुलगी माझ्याकडे आली. नाव लिहीत नाही. केस कमरेच्या खाली. तिच्या चुलतीची केमो नुकतीच संपली होती. ‘ताई, केस द्यायचेत आणि स्टेटस पण टाकायचंय, दोन्ही नीट झालं पाहिजे,’ म्हणाली. मला तिचं म्हणणं आवडलं, कारण नुसता फोटो नीट होऊन केस वाया गेलेली उदाहरणं पुष्कळ आहेत.

पहिलं काम टेप घेऊन मोजायचं. मुंबईच्या मदत चॅरिटेबल ट्रस्टची ‘कोप विथ कॅन्सर’ ही मोहीम केस घेते आणि गरजू रुग्णांना टोप देते. तिथे किमान १२ इंच लांबी लागते. अमेरिकेत लहान मुलांसाठी टोप बनवणारी ‘लॉक्स ऑफ लव्ह’ ही संस्था १० इंच मागते. म्हणजे दर संस्थेचा नियम वेगळा, आणि तो बदलूही शकतो. म्हणून आधी संस्थेला विचारायचं आणि मगच कात्री हातात घ्यायची. मेंदी चालते का, रंगवलेले चालतात का, पांढरे चालतात का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावं. काळी मेंदी म्हणून पुडीत मिळते त्यात रसायन असतं, तिला साधी मेंदी समजू नये.

१२ इंचच का? टोप बनवणारी कारागीर बारीक जाळीच्या टोपीवर आकड्याच्या सुईने थोडे-थोडे केस ओढून गाठवते. गाठ मारताना केस दुमडावा लागतो, म्हणजे काही लांबी तिथेच जाते. नंतर टोप डोक्यावर बसवून कापतात, तिथेही थोडी जाते. शिवाय आलेले केस लांबीप्रमाणे वेगळे केले की आखूड ते गळून पडतात. म्हणून दिलेले १२ इंच टोपात १२ इंच दिसत नाहीत. एका टोपाला एका मुलीचे केस पुरतही नाहीत, अनेकींचे एकत्र करावे लागतात. ‘माझ्या केसांचा टोप एका ताईला मिळाला’ असं कॅप्शनमध्ये लिहू नये ते यासाठी. आपले केस त्यात असतील, इतकंच आपल्याला म्हणता येतं.

त्या मुलीचा शेपटा मानेपासून टोकापर्यंत मोजला तर १९ इंच भरला. तिला वाटलं झालं काम. पण दोन वर्षांपूर्वी तिने पार्लरमध्ये ‘स्टेप कट’ केला होता, त्यामुळे वरच्या थरातले केस बांधल्यावर आठच इंच खाली येत होते. ते गेलेच असते वाया. मग एकच शेपटा न बांधता आम्ही केसांचे चार भाग केले, दोन पुढचे आणि दोन मागचे, आणि प्रत्येकाची वेगळी वेणी घातली. एकच शेपटा मानेवर बांधला की कपाळाकडचे केस मानेपर्यंत येण्यातच चार-पाच इंच खर्च होतात. चार भाग केले की ती लांबी वाचते आणि कापल्यावर डोकंही एका बाजूला चढलेलं दिसत नाही. मागच्या दोन वेण्या १६ इंच भरल्या, पुढच्या दोन जेमतेम साडेबारा. स्टेपचे काही आखूड केस वेणीतून निसटले, ते निसटू दिले. कुरळे केस असतील तर हलके ताणून सरळ करून मोजावेत.

आदल्या दिवशी केस धुतले. आपल्याकडे डोक्याला तेल असतंच, आणि तेलाचे केस पाठवले तर ते चिकटून धूळ धरतात. म्हणून शाम्पूने दोनदा, नंतर तेल नाही, जेल नाही. उवा किंवा लिखा असतील तर त्या पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. यात लाज नाही, शाळेत जाणाऱ्या मुलींना उवा होणारच. मग केस वाळवायचे, आणि इथे घाई नको. वरून कोरडे लागतात पण वेणीच्या आत ओल राहते. ती पिशवीत बंद झाली की दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो, बुरशी धरते आणि सगळा शेपटा फेकावा लागतो. पावसाळ्यात तर एक रात्र मोकळे सोडून दुसऱ्या दिवशी बांधावेत. ओळखायचं कसं? वेणी गालाला लावून बघा. गार लागली तर अजून ओली आहे.

प्रत्येक वेणीला वर एक रबर घट्ट आणि खाली टोकाला एक. कात्री वरच्या रबराच्या वर, अर्धा इंच सोडून चालवायची. रबराच्या खाली कापलं तर हातात वेणी येत नाही, केसांचा पसारा येतो. आणि वेणी जमिनीवर पडू द्यायची नाही. यामागे कारण आहे. केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक, मुळाकडून टोकाकडे उतरते. एक लांब केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, किंचित अडखळेल. टोपात सगळ्या केसांची मुळं एकाच बाजूला असली तर कंगवा सरळ जातो. काही उलटे आले तर खवले एकमेकांत अडकतात आणि टोपाचा गुंता होतो. रबरात बांधलेल्या वेणीत मूळ कुठलं आणि टोक कुठलं हे कळतं. जमिनीवरून झाडून गोळा केलेल्या केसांत कळत नाही.

गुंतवळ चालत नाही तेही याचमुळे. कंगव्यातले केस गोळा करून डबीत ठेवायची आणि केसांवर भांडी देणाऱ्याला द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ‘एवढी वर्षं साठवलंय, ते देऊ का?’ असं एका आजीने मला विचारलं होतं. तिला सांगितलं, आजी, त्यावर पातेलं घ्या.

जटेचंही असंच. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते देवीच्या नावाने वाढलेल्या जटा बायकांची समजूत घालून कापतात. त्या कापलेल्या केसांचा टोप होत नाही, कारण ते घट्ट गुंतून एकजीव झालेले असतात. पण जट गेल्यावर त्या बाईची मान दुखायची थांबते, तिला डोकं धुता येतं, हा फायदा तिच्यासाठी पुरेसा आहे.

जटेवरून एक गोष्ट लिहावीशी वाटते. आपल्या समाजात बाईच्या केसांवर दुसऱ्यांनीच हक्क सांगितला आहे. नवरा मेला की डोकं भादरायचं, देवीने धरलं म्हणून वाढवायचं. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली जो संप केला, तो महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी घडवून आणला होता. आज एखादी मुलगी स्वतः ठरवून केस कापते तेव्हाही घरात ‘सवाष्णीनं केस कापू नयेत’, ‘लग्न व्हायचंय अजून’ हे ऐकावंच लागतं. म्हणून कॅप्शनमध्ये ‘मी ठरवलं’ हे शब्द असले तर मला बरं वाटतं. उलट बाजूही आहे. काही मंडळी जयंतीच्या मंचावर सामुदायिक केशदान ठेवतात आणि मुलींना पुढे ढकलतात. मला ते पटत नाही. मुलीची मर्जी कुणी विचारत नाही, आणि घाईत, घामाने भिजलेले केस कापून पोत्यात भरले जातात. त्यातले फारच थोडे कामाला येतात.

परत आपल्या मुलीकडे येऊ. पार्लरवाली म्हणाली, ‘ठेवून जा, आम्ही पाठवतो.’ लांब केसांना बाजारात चांगला भाव येतो, हे लक्षात ठेवा. सगळ्याच पार्लरवाल्या विकतात असं मी म्हणत नाही, पण वेण्या आपल्या हाताने घरी आणाव्यात. आम्ही चारही वेण्या कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत घातल्या, वर नाव आणि लांबी लिहिली, जाड पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवल्या आणि पावती जपून ठेवली. केस घ्यायचे म्हणून उलट आपल्याकडेच पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करून परत यावं.

आणि मग कॅप्शन. तिने पहिल्यांदा लिहिलेलं असं होतं: ‘कॅन्सरनं केस गेलेल्या दुर्दैवी भगिनींसाठी मी माझं सौंदर्य अर्पण केलं. केसांविना नारी अधुरी. माझ्या काकीला समर्पित.’ खाली चुलतीचा टक्कल असलेला फोटो.

आम्ही एकेक शब्द घेतला. ‘कॅन्सरनं’ चूक आहे, औषधाने. ‘दुर्दैवी’ काढलं, कारण चुलती आजारी होती, दुर्दैवी नव्हती. उपचार मिळाले, तिने ते पूर्ण केले. ‘सौंदर्य अर्पण’ वाचून तिला स्वतःलाच हसू आलं, कारण आखूड केसांत ती छानच दिसत होती. आणि चुलतीचा फोटो? मी विचारलं, तिला विचारलंस का? नव्हतं विचारलं. विचारलं तेव्हा चुलती म्हणाली, ‘माझं नाव नको आणि फोटो तर नकोच. माझ्या माहेरी अजून ठाऊक न्हाई.’ ज्या कारणासाठी टोप असतो, तेच त्या फोटोने मोडलं असतं. रुग्णाचं नाव, फोटो, वॉर्ड, गाव, यांतलं काहीही तिने स्वतः हो म्हटल्याशिवाय टाकू नये. आणि ‘आमच्या घरातल्या एका’ असं लिहिलं तरी वस्तीत लगेच अंदाज बांधतात, तेव्हा तेही नको.

मग तिने नव्याने लिहिलं. मी फक्त दोन ठिकाणी हात लावला:

‘दोन वर्षं वाढवले, सात मिनिटांत गेले. मानेला पहिल्यांदाच वारं लागतंय. शाम्पूची बाटली आता तीन महिने पुरणार, आणि आईला वेणी धरून ओढता येणार नाही. हे मी का केलं ते सांगते. केमोच्या औषधानं केस जातात, औषध संपलं की परत येतात. मधल्या महिन्यांत ज्या ताईला टोप हवा असेल तिला तो मिळावा म्हणून. १२ इंच, धुतलेले, पूर्ण कोरडे, रबर बांधून. कुणाला द्यायचे असतील तर मला विचारा, टेप घेऊन येते.’

हे चांगलं झालं, कारण गंमत सगळी स्वतःच्या डोक्यावर केलेली आहे. शाम्पू, मान, आई. आजारावर एकही विनोद नाही. कॅन्सरच्या कॅप्शनमध्ये हसू कुठे चालतं आणि कुठे नाही याची सीमा मी अशीच आखते. आपल्या कात्रीवर हसावं, तिच्या सलाईनवर नाही. ‘मी पण टकली झाले, सेम टू सेम!’ असं एकीने लिहिलेलं मी वाचलं आहे. तिचा हेतू चांगला होता. पण आपले केस आपण ठरवून दिले, तिचे न विचारता गेले, हे सारखं कसं होईल?

कारणाचा भाग छोटा, साध्या शब्दांत आणि खरा असावा. ‘माझ्या केसांनी कुणाचा जीव वाचेल’ हेही लिहू नये. केसांनी कॅन्सर बरा होत नाही, औषधाने होतो, वेळेवर गेलं तर अधिक चांगला होतो. एक वाक्य जास्त लिहायचं असेल तर ते गाठीबद्दल लिहा: छातीत न दुखणारी गाठ असेल तरी दाखवायला जा. न दुखणाऱ्या गाठीकडेच आपल्या बाया दुर्लक्ष करतात.

वय आणि माणूस बदलला की सूर बदलतो. चाळिशीतल्या एका अंगणवाडी ताईने लिहिलं होतं: ‘पांढरे निवडून काढायचा कंटाळा आला होता, सगळेच देऊन टाकले. संस्थेला विचारून दिलेत, पांढरे चालतात म्हणाले.’ ही शेवटची ओळ फार कामाची, कारण ती वाचून पुढचीही आधी विचारणार. केस वाढवणाऱ्या मुलग्यांची तर दोन वर्षं थट्टा होते. साताऱ्याच्या एका मुलाने लिहिलं, ‘ज्यांनी ज्यांनी मला ताई म्हणून हाक मारली त्या सगळ्यांचे आभार, तुमच्यामुळं जिद्द टिकली. १४ इंच पाठवले.’ मला हे सगळ्यांत आवडलं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धा इंच वाढतात. १२ इंचाला दोन वर्षं लागतात आणि कापल्यावर डोक्यावर काही उरावं म्हणून आणखी सहा-आठ महिने. मुलग्याला ती सगळी वर्षं टोमणे ऐकावे लागतात.

लहान मुलीचे केस दिले असतील तर कॅप्शन आईने लिहावं, पण मुलीचा चेहरा, शाळेचं नाव आणि संस्थेच्या प्रमाणपत्रावरचा पत्ता झाकून. प्रमाणपत्राचा फोटो टाकताना मोबाईल नंबर दिसतो, हे मोठ्या माणसांच्याही लक्षात येत नाही.

केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यातल्या पोलीस कर्मचारी अपर्णा लवकुमार यांनी २०१९ मध्ये कॅन्सरग्रस्तांसाठी आपले लांब केस पूर्ण काढून दिले आणि मुंडण केलेल्या डोक्याने खाकी गणवेशात ड्यूटीवर गेल्या. त्यांचे ते फोटो देशभर फिरले. त्या फोटोला कॅप्शनची फारशी गरजच नव्हती. गणवेशातली, मुंडण केलेली बाई आपलं काम करते आहे, हे पाहूनच केमोतल्या कित्येकींना धीर आला असेल.

मुंडणावरून आपल्याकडची एक संधी सांगते, जी दरवर्षी वाया जाते. श्रामणेरी शिबिरात बसणाऱ्या महिला आणि मुली डोकं मुंडतात. वस्तरा सरळ डोक्यावर चालतो आणि हात-हातभर लांब केस तुकडे होऊन, ओले, जमिनीवर पडतात. शिबिराच्या आदल्या दिवशी केस धुऊन वाळवले, चार वेण्या घातल्या, प्रत्येकीला दोन रबर लावले आणि वस्तऱ्याआधी कात्रीने त्या कापून घेतल्या, तर अर्ध्या तासाचं काम आहे. इथे तर केस मुळाजवळून निघतात, त्यामुळे लांबीही पुरी मिळते. शिबिर घेणाऱ्यांनी साहित्याच्या यादीत रबर, टेप आणि झिपच्या पिशव्या लिहून ठेवाव्यात, आणि देणार का हे प्रत्येकीला वेगळं विचारावं.

केमो चालू असलेल्या बाईचं डोकं मात्र वस्तऱ्याने भादरू नये. केस गळायला लागले की ते आधीच बारीक कापून घेतलेले बरे, पण मशीनने. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या असतात, वस्तऱ्याचा छोटा काप चिघळतो आणि रक्त थांबायला वेळ लागतो. नाभिकाला घरी बोलावलं तर मशीनचं पातं स्पिरिटने पुसून घ्यायला सांगा.

ज्यांचे केस १२ इंच नाहीत, त्यांनी मऊ सुती कापडाच्या टोप्या शिवाव्यात. जुन्या धुवट साडीचं कापड सगळ्यांत चांगलं, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे आत टाळूला बोचत नाही. मापासाठी कपाळापासून कानावरून डोक्याभोवती टेप फिरवायची आणि केस गेल्यावर डोकं थोडं लहान भरतं म्हणून मागे नाडी किंवा सैल इलॅस्टिक घालायचं. त्याचाही फोटो टाकता येतो, आणि खाली ‘माझे केस अजून साडेसात इंचच आहेत, तोवर हे’ असं लिहिता येतं.